फायनल बिलातली खोलीभाड्याची ओळ

गोराईहून खाडी ओलांडून बोरिवलीच्या दवाखान्यात पेशंट नेला, की डिस्चार्जच्या दिवशी बोट गाठायची घाई असते. त्या घाईत फायनल बिलावर सही होते. आम्ही गटातल्या बायका मात्र आधी तपशीलवार बिल मागतो. नुसत्या बेरजेच्या एका पानावर काहीच कळत नाही.

पहिल्यांदा खोलीभाडं बघायचं. समजा, विमा ३ लाखांचा आहे आणि पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे रोजची ३,००० रुपये आहे. आपण ५,००० ची खोली घेतली, चार दिवस राहिलो. वाटतं, वरचे ८,००० आपण भरू. पण कपात तिथे थांबत नाही. महागड्या खोलीत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळंच महाग लावतात, म्हणून कंपनी तेही पाचातले तीन हिस्से एवढंच देते. हे खर्च ६०,००० असतील तर मिळतात ३६,०००. म्हणजे ८,००० आणि २४,०००, मिळून ३२,००० आपल्या खिशातून जातात.

आता खरी तपासणी. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवलेल्या वस्तू यांना ही कात्री लावायची नाही, असं विमा नियामकाने २०२० साली स्पष्ट केलं. आयसीयूच्या खर्चालाही नाही. आपल्या उदाहरणात औषधं-तपासण्यांचे ३०,००० असतील आणि कंपनीने १८,००० च मंजूर केले, तर १२,००० चुकीने कापले आहेत. आणखी एक गोष्ट: ज्या दवाखान्यात सगळ्या खोल्यांना फीचे दर सारखेच असतात, तिथे ही कपात फीवरही लागत नाही. तसं असेल तर दवाखान्याकडून लेखी घ्यावं.

दुसरं, न मिळणाऱ्या वस्तू. बहुतेक पॉलिसींच्या शेवटी त्यांची यादी असते. हातमोजे, डायपर, क्रेप बँडेज, थर्मामीटर, नातेवाइकांचं जेवण यांचे पैसे मिळत नाहीत. बिलात नुसतं ‘किट’ लिहिलं असेल तर तेही पूर्ण कापलं जातं. म्हणून किटमध्ये काय काय होतं ते बिलिंग काउंटरवर लिहून मागावं. आतल्या वस्तूंपैकी ज्या मिळण्याजोग्या असतील, त्या मग मिळतात. फाइल उघडण्याचे पैसे, एसीचे पैसे, घरकाम-सफाई हे वेगळं लावलं असेल तर काउंटरवरच विचारावं, कारण विम्याच्या यादीत ते खोलीभाड्यातच धरलेले असतात.

दावा कापून आला तर कंपनीकडून कपातीचा ओळवार हिशोब मागायचा आणि लेखी तक्रार द्यायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर सांताक्रूझला विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. बिल, पॉलिसी आणि कपातीचं पत्र एवढं सोबत न्यावं.