काटा बिघडला तर फोन कुणाला?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्यात नवी संगणक प्रणाली बसवायची होती. उसाची नोंद, वजनकाटा आणि शेतकऱ्यांची बिलं एका धाग्यात आणायचं काम. पहिल्या बैठकीला समोर कार्यकारी संचालक, मुख्य शेतकी अधिकारी, चीफ अकौंटंट आणि काट्यावरचे दोन क्लार्क. आमच्या बाजूने आम्ही सात जण. प्रकल्पप्रमुख म्हणून मी म्हणालो, "आधी ओळख करून घेऊ," आणि तिथेच चुकलो.

प्रत्येकाने आपापली ओळख सांगितली. सीनिअर फंक्शनल कन्सल्टंट, बारा वर्षांचा अनुभव, आधी अमुक बँकेत होतो, मूळचा साताऱ्याचा. पंचवीस मिनिटं गेली. चहाच्या वेळी शेतकी अधिकारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, सगळी माणसं हुशार दिसतात. पण काटा बिघडला तर यातल्या कुणाला फोन करायचा?"

त्या पंचवीस मिनिटांत हेच सांगायचं राहून गेलं होतं. हुद्दा हा आमच्या कंपनीतल्या उतरंडीचा भाग. समोरच्याला हवं असतं ते इतकंच, की माझं कोणतं काम या माणसाकडे आहे आणि हा कधी भेटेल.

तेव्हापासून मी बैठकीच्या आदल्या दिवशी प्रत्येकासाठी एकच ओळ लिहून काढतो. वाटतं तितकं ते सोपं नाही. काट्याचं काम बघणाऱ्या आमच्या मुलीची पहिली ओळ होती, "ही वेइंग मॉड्यूलची इंटिग्रेशन लीड." क्लार्कला यातलं काय कळणार? दुसरी झाली, "काटा आणि संगणक जोडायचं सगळं काम हिच्याकडे." बरी होती, पण 'सगळं' हा शब्द घातक. उद्या काट्याचा लोडसेल खराब झाला तरी हिलाच बोलावतील, आणि तो तर काटा बसवणाऱ्या कंपनीचा विषय. शेवटी ठरली ती अशी: "भरलेल्या किंवा रिकाम्या गाडीचं वजन चिठ्ठीवर चुकीचं छापलं गेलं तर हिला सांगा, हंगामाचे पहिले पंधरा दिवस ही काट्यावरच असेल."

काम, त्याची हद्द आणि मुदत, तिन्ही यात आली. अनुभवाची वर्षं गळाली, पण त्यांच्याविषयी कुणी विचारलंही नाही.

बिलांचं काम बघणाऱ्याची ओळ चीफ अकौंटंटकडे बघून सांगायची होती. ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळाले पाहिजेत, असा १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे, आणि ती तारीख त्यांच्या डोक्यावर टांगलेली. म्हणून, "पंधरवड्याचं बिल अडलं तर हे बघतील, पण दर किंवा कपात बदलायची असेल, तर आधी तुमचं सहीचं पत्र लागेल." हे वाक्य जरा रुक्ष वाटलं खरं. पण पुढे तोंडी सांगून कपाती बदलायला लावण्याचा प्रकार झाला नाही.

ओळी कागदावर उतरवताना एक फायदा अनपेक्षित झाला. दोघांच्या ओळी जवळजवळ सारख्याच निघाल्या. म्हणजे शेतकऱ्यांची जुनी खाती नव्या प्रणालीत कोण आणणार, हे आमच्यातच ठरलेलं नव्हतं. ते भांडण बैठकीआधी आमच्याच खोलीत मिटलं. आणि एका वरिष्ठांसाठी काही केल्या ओळच सुचेना. ते नुसते वजन पडावं म्हणून येणार होते. त्यांना न्यायचं नाही असं ठरवलं, त्यांचा राग मात्र मला महिनाभर पुरला.

ओळ कुणी म्हणायची, यावर मतभेद आहेत. माझं मत असं की प्रमुखाने म्हणावी आणि माणसाने उभं राहून नमस्कार करावा. स्वतःची ओळख स्वतः द्यायला लागलं की मराठी माणूस एकतर संकोचतो किंवा थांबत नाही. पुण्यात बसून चाचणी करणारा, बैठकीला न आलेला मुलगाही याच वेळी सांगून टाकावा. नाहीतर महिन्याभराने अनोळखी आवाजाचा फोन आला की समोरचा बिचकतो.

ओळख नीट पोचली की नाही, हे पहिल्या आठवड्यातल्या फोनवरून कळतं. सगळे फोन माझ्याकडेच आले, तर ओळी फसल्या. दुसऱ्या एका कारखान्यात त्या आठवड्यात मला दोनच फोन आले, आणि दोन्ही सुट्ट्यांच्या तारखांसाठी.

मात्र ओळ शिळी होते. हंगामाच्या मध्यावर आमचा बिलांचा माणूस बदलला आणि मी ते फक्त चीफ अकौंटंटना कळवलं. काट्याच्या केबिनमध्ये गेलो तर आमच्या ओळींचा कागद काचेवर चिकटवलेला दिसला. जुन्या नावावर काट मारून क्लार्कने निळ्या पेनाने लिहिलं होतं, "हे गेले. नवीन कोण, साहेबांना विचारणे."