चौघांचा मसालेभात, पन्नास पानं

घरचा मसालेभात सगळ्यांना आवडतो, म्हणून बारशाला किंवा साठीशांतीला तोच करायचं ठरतं. वहीतलं प्रमाण चौघांचं असतं. पन्नास भागिले चार, म्हणजे साडेबारा. सगळं साडेबारा पट करून टोपात घातलं की भाताचा लगदा होतो, मसाला घशाला लागतो आणि बूड करपतं. टोपात प्रत्येक जिन्नस आपापल्या वेगळ्या हिशेबाने वाढतो, आणि हे हिशेब मोठे मजेशीर आहेत.

आपलं घरचं प्रमाण असं धरू: दीड वाटी म्हणजे ३०० ग्रॅम तांदूळ, दीडशे ग्रॅम तोंडली, तीन वाट्या पाणी, दोन चमचे गोडा मसाला, एक चमचा तिखट, दोन सपाट चमचे मीठ, चार लवंगा आणि तीन मोठे चमचे तेल.

पहिला धक्का: साडेबारा नव्हे, दहा

घरी मसालेभात हेच जेवण असतं, म्हणून माणशी ७५ ग्रॅम तांदूळ लागतो. पंगतीत त्याच्या आजूबाजूला पुरी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, भजी आणि जिलेबी असते. शिवाय पन्नासांत मुलं असतात, आजी-आजोबा असतात. तेव्हा माणशी ६० ग्रॅम पुरतो. म्हणजे पन्नासांना तीन किलो, घरच्या मापाच्या बरोबर दहा पट. बेत नुसता मसालेभात आणि मठ्ठ्याचा असेल तर मात्र चार किलोला पर्याय नाही, कारण मग लोक दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही घेतात.

तीन किलोचा भात शिजून तोंडल्यांसकट नऊ-दहा किलो भरतो. त्याला सोळा ते वीस लिटरचा टोप हवा, तोही उभट नको, पसरट हवा. का, ते पुढे येईलच.

पाण्याचं गणित गॅलिलिओने आधीच मांडलंय

१६३८ साली गॅलिलिओने आपल्या ग्रंथात दाखवलं की वस्तू त्याच आकारात मोठी केली की तिचं आकारमान पृष्ठभागापेक्षा फार वेगाने वाढतं. तो हाडं आणि तुळयांबद्दल बोलत होता, पण टोपालाही हाच नियम लागू आहे. घरच्या पातेल्याच्या दहा पट भात मावेल असा त्याच घाटाचा टोप घेतला तर त्याचं तोंड दहा पट मोठं नसतं. व्यास सव्वादोन पटींहून थोडा कमी वाढतो आणि उघडा पृष्ठभाग साडेचार पटींच्या आसपास. वाफ निघते ती याच पृष्ठभागातून.

तांदळाचा दाणा शिजताना आपल्या मापाएवढं किंवा त्याहून थोडं जास्त पाणी पितो. घरी आपण दुप्पट पाणी घालतो, कारण उरलेलं वाफ होऊन जातं. मोठ्या टोपात तेवढी वाफ जातच नाही. ते पाणी तळाशी साचतं आणि खालच्या भाताची खीर करतं. म्हणून तीन किलोला दुपटीच्या हिशेबाने सात लिटर पाणी येत असलं तरी सुरुवात साडेपाच लिटरने करावी. तांदूळ धुऊन अर्धा तास निथळलेला असला की थोडं पाणी त्याने आधीच घेतलेलं असतं. शेजारच्या शेगडीवर आणखी लिटरभर पाणी उकळतं ठेवायचं. जुना तांदूळ असेल तर त्यातलं बरंचसं लागेल, नवा असेल तर कदाचित थेंबही नाही. भातात पाणी घालता येतं, काढता येत नाही, एवढं ध्यानात असलं की पुरे.

घालायचं ते पाणी उकळतंच हवं, आणि हा वेळेचाही हिशेब आहे. घरच्या मोठ्या बर्नरवर पाऊण लिटर गार पाणी तीन-चार मिनिटांत उकळतं. साडेपाच लिटरला त्याच बर्नरवर पंचवीसेक मिनिटं लागतात. गार पाणी ओतलं तर तेवढा वेळ तांदूळ कोमट पाण्यात फुगत बसतो आणि वरून शिजायच्या आधीच मोडतो.

मीठ सरळमार्गी आहे

सगळ्या जिनसांत मीठच प्रामाणिकपणे पटीत वाढतं. तयार पदार्थाच्या वजनाच्या साधारण एक टक्का मीठ बहुतेकांच्या जिभेला बरोबर लागतं. घरी भात-भाजी मिळून जवळपास एक किलो भरतो, त्यात दहा ग्रॅम. पंगतीचा साडेनऊ किलो, त्याला ९५ ग्रॅम. पण चमच्याने मोजू नका, वजन करा. खडे मिठाचा चमचा बारीक मिठाच्या चमच्यापेक्षा हलका भरतो, आणि वीस चमचे मोजताना तो फरक चांगलाच जाणवतो.

घालताना आधी ८५ ग्रॅम घालावं. मग तांदूळ पाण्यात पडून उकळी फुटली की पळीभर पाणी तळहातावर घेऊन चाखायचं. अनुभवी आचारी नेमकं या क्षणी चाखतात. ते पाणी किंचित खारट लागायला हवं, कारण दाण्यांच्या आत अजून मीठ शिरलेलं नसतं. पाणी जिभेला अगदी बरोबर लागलं तर भात अळणी होणार, हे समजून उरलेलं मीठ तेव्हाच टाकायचं. एकदा पाणी आटलं की तीन किलोच्या भातात मीठ सारखं मिसळत नाही. शितं मोडतात आणि कुठे खारट, कुठे अळणी असा भात पानात येतो.

मीठ जास्त झालं की बटाटा टाका, असं सांगितलं जातं. बटाटा खारट पाणी शोषतो, पण पाण्याबरोबरच मीठही शोषतो, त्यामुळे उरलेल्या पाण्याचा खारटपणा तेवढाच राहतो. उपाय एकच, बिनमिठाचं काहीतरी वाढवणं: थोडा वेगळा शिजवलेला मोकळा भात, तोंडली, वरून भरपूर ओलं खोबरं.

मसाला मात्र हात राखून

दहा पटीने गोडा मसाला वीस चमचे होतो. आधी चौदा घाला. वाफ कमी निघते, म्हणजे वासही कमी उडतो. शिवाय मोठा टोप गॅस बंद केल्यावरही तासभर कढत राहतो आणि तेवढा वेळ लवंग-दालचिनी भातात उतरतच राहते. लवंगेतलं युजेनॉल दातदुखीवर वापरतात, कारण त्याने हिरडी बधिर होते. चाळीस लवंगा टोपात टाकल्या तर भातही जिभेला तसाच बधिरपणा आणू शकतो. वीस-बावीस पुष्कळ झाल्या.

तिखटाची गोष्ट वेगळी आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन वाफेबरोबर फारसं उडत नाही, त्यामुळे हिशेबाने ते दहा पट चालायला हवं. पण पंगतीला सहा वर्षांची नात असते आणि आम्लपित्त झालेले काकाही. तिखट सहा-सात चमच्यांवर थांबवावं आणि हिरव्या मिरचीचा ठेचा पानात डावीकडे वाढावा. ज्याला हवं तो लावून घेईल.

राखून ठेवलेल्या गोड्या मसाल्यातले दोन-तीन चमचे शेवटी, झाकण ठेवण्याआधी, वरून भुरभुरवले तर वास ताजा राहतो. घरच्या छोट्या पातेल्यात हा फरक क्वचितच कळतो, टोपात हमखास कळतो.

दीड किलो तोंडली परतली जात नाहीत, उकडली जातात

फोडणीचं तेल घरी तीन मोठे चमचे. दहा पटीने साडेचारशे मिलिलिटर होतं, पण तेलाला टोपाचं बूड झाकायचं असतं, आणि बूड दहा पट वाढलेलं नाही. तीनशे मिलिलिटर पुरतं. मोहरी तडतडली की गॅस बंद करून मगच हिंग आणि हळद. जाड बुडाचा टोप इतका तापलेला असतो की चालू आचेवर हळद काळी पडायला वेळ लागत नाही.

मग तोंडली. दीड किलो चकत्या एकदम ओतल्या की तेलाचं तापमान धाडकन उतरतं, तोंडल्यांना पाणी सुटतं आणि त्या पाण्यात ती शिजतात. तडतड थांबून फसफस सुरू झाली की समजावं, परतणं संपलं, उकडणं सुरू झालं. दोन घाण्यांत परता, प्रत्येकी दहा-बारा मिनिटं. कडा तांबूस दिसल्या की बाहेर काढा. नंतर त्याच तेलात निथळलेला तांदूळ परतून तोंडली पुन्हा घालायची, की वर उकळतं पाणी.

तीन शितं

उकळी आल्यावर दाणा शिजायला घरी पंधरा ते अठरा मिनिटं लागतात. पन्नासांच्या टोपातही तेवढीच. दहा पट भात म्हणून दहा पट वेळ लागत नाही, वाढतो तो फक्त आधीचा तापण्याचा आणि नंतरचा मुरण्याचा वेळ.

पण शितावरून भाताची परीक्षा ही म्हण इथे फसवते. खोल टोपात तळ, मधला भाग आणि वरचा थर तिन्ही वेगवेगळे शिजतात. तळाला आचही जास्त आणि वरच्या भाताचं वजनही. म्हणून उलथन्याची दांडी कडेने खाली घालून तीन ठिकाणची शितं काढून दाबायची. तळाचं शीत मऊ, मधल्यात बारीक कणी आणि वरच्यात थोडी मोठी कणी, अशी अवस्था आली की मोठी आच बंद करायची वेळ झाली. घरी आपण पूर्ण शिजेपर्यंत थांबतो, टोपात तेवढं थांबलं तर खालचा भात मोडतो. वर घट्ट झाकण, खाली जाड तवा, पाच मिनिटं अगदी मंद आच आणि मग वीस-पंचवीस मिनिटं नुसतं मुरणं. उरलेली कणी आतली वाफच शिजवते. हे वजनाचं आणि खोलीचं गणित सगळ्यात सोपं होतं ते दोन टोपांत दीड-दीड किलो लावल्यावर. दोन शेगड्या असतील तर मी डोळे मिटून हाच सल्ला देईन.

करपल्याचा वास आला तर ढवळायचं नाही. वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढायचा आणि तळाचा दोन बोटं थर तसाच सोडून द्यायचा. खरवडलं की तो वास सगळ्या भातात शिरतो.

पंगत उठल्यावर

जो टोप उशिरा तापतो तो उशिराच निवतो. त्याच घाटाच्या दहा पट भाताचा गाभा थंड व्हायला साडेचार पटींच्या आसपास वेळ घेतो. शिजवूनही न मरणारे बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू नेमके अशा कोमट भातात वाढीला लागतात, आणि त्यांचं उलटी आणणारं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून वाढणं चालू असेपर्यंत टोप कढत ठेवायचा, आणि शेवटचं पान उठल्यावर उरलेला भात लगेच परातींत दोन बोटं जाडीने पसरून, दोन तासांच्या आत डब्यांत भरून फ्रिजमध्ये टाकायचा.