गाठ दिसली, म्हणजे काढायचीच का?

मंडळी, समजा शहाद्याच्या एक सत्तरीतल्या आजी अंगणात पडल्या. डोक्याचा सीटी काढला. मार लागला नव्हता, पण मेंदूच्या आवरणाला चिकटलेली दोन सेंटिमीटरची गाठ दिसली. हा मेनिन्जिओमा. घरचे घाबरले, आणि डॉक्टर म्हणतात, "सहा महिन्यांनी एमआरआय करू." हा हलगर्जीपणा झाला का? नाही. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते. ती मेंदूला बाहेरून दाबते आणि वाढली तरी वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर. आजींना फिट नाही, नजर शाबूत आहे, गाठीभोवती सूज नाही. मग कवटी उघडण्याचा धोका कशासाठी पत्करायचा?

आता समजा, दोन वर्षांत ती पंचवीस मिलिमीटर झाली. इथे रेडिओसर्जरीचा विचार होतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात १९९७ मध्ये गामा नाइफ आले. नावात सुरी आहे, पण चिरफाड नाही. कोबाल्टचे सुमारे दोनशे बारीक किरण गाठीवरच एकत्र येतात. वाटेतल्या मेंदूला प्रत्येकाचा थोडाच मार बसतो. मात्र गाठ साधारण तीन सेंटिमीटरच्या आत हवी, दृष्टीच्या नसेला चिकटलेली नको. मोठी गाठ मेंदू दाबत असेल तर शस्त्रक्रियाच, कारण किरणांनी दाब लगेच उतरत नाही.

किरणांनंतर गाठ बहुधा नाहीशी होत नाही, वाढायची थांबते. पुढच्या एमआरआयमध्ये ती तेवढीच दिसली, तर उपचार फसला असं समजू नका. काही महिन्यांनी सूज येऊन डोकं दुखलं किंवा फिट आली, तर लगेच दाखवा. आणि पहिली फिल्म टाकून देऊ नका. वाढ कळते ती जुन्या फिल्मशी ताडूनच.