‘अक्त्युएलमाँ’ म्हणजे ‘ॲक्च्युअली’ नव्हे

असं समजा, की पंप बनवणाऱ्या एका फ्रेंच कारखान्याने इंग्लंडमधल्या ग्राहकाला तीन वाक्यांचं पत्र लिहिलं आहे. तुमचं प्रकरण सध्या तपासलं जात आहे. सोबतचा फॉर्म सही करून परत पाठवावा, ही विनंती. जोडलेल्या आराखड्यांच्या प्रती काढायला आमची हरकत नाही. पत्र साधं आहे, सौम्यही आहे. आता घाईतला एखादा अनुवादक ते इंग्रजीत आणतो आणि ग्राहकाच्या हाती पडतं ते असं : तुमचं प्रकरण खरं म्हणजे तपासलं जात आहे. फॉर्म सही करून पाठवा, अशी आमची मागणी आहे. आराखड्यांच्या प्रती फुकट काढता येतील.

व्याकरणात कुठेच चूक नाही. वाक्यं वाचताना ठेचही लागत नाही. तरीही पत्राचा सूर बदलला, वेळेचा उल्लेख गेला आणि पैशांबद्दल कुणी न दिलेलं एक आश्वासन कागदावर उतरलं. हे घडलं तीन फ्रेंच शब्दांमुळे : ‘अक्त्युएलमाँ’, ‘दमाँदे’ आणि ‘लिब्रमाँ’. इंग्रजीतले ‘ॲक्च्युअली’, ‘डिमांड’ आणि ‘फ्रीली’ त्यांच्या अगदी जवळचे वाटतात, आणि तिथेच अनुवादकाचा पाय घसरतो.

अशा शब्दांना फ्रेंचमध्ये ‘फोझामी’, म्हणजे खोटे मित्र म्हणतात. 1928 साली माक्सिम केस्लेर आणि ज्यूल दरोकिन्यी या दोघांनी पॅरिसमध्ये त्यांच्यावर एक पुस्तक काढलं आणि हे नाव तिथून रूढ झालं. मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि आपली शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत घटनेचं ‘संशोधन’ होतं तेव्हा ती दुरुस्त केली जाते, तिच्यावर कुणी प्रबंध लिहीत नसतं.

पण सगळे खोटे मित्र सारखे धोकादायक नसतात. फ्रेंच ‘लिब्रेरी’ म्हणजे पुस्तकांचं दुकान. त्याचं भाषांतर ‘लायब्ररी’ असं केलं, तर पुढच्याच वाक्यात पात्र पैसे मोजून पुस्तक घरी नेतं आणि चूक उघडी पडते. खरी भीती त्या शब्दांची, ज्यांचा चुकीचा अर्थही वाक्यात चपखल बसतो. म्हणूनच मला ‘अक्त्युएलमाँ’ची सर्वांत जास्त धास्ती वाटते.

या शब्दाचा अर्थ ‘सध्या’, ‘आजघडीला’. एखाद्या कारखान्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, की आमच्याकडे अक्त्युएलमाँ चाळीस कामगार आहेत. इथे ‘ॲक्च्युअली’ घातलं, तरी इंग्रजी वाक्य बिनबोभाट उभं राहतं. पण ‘ॲक्च्युअली’ला समोर कुणीतरी लागतं. कुणीतरी वेगळं समजत होतं, कुणीतरी शंका घेतली होती आणि आता खरं काय ते सांगितलं जातंय, असा त्याचा स्वर असतो. आपण मराठीत दिवसभर ‘ॲक्च्युअली ना…’ म्हणून बोलायला लागतो, तेव्हाही समोरच्याचा काहीतरी गैरसमज दूर करत असतो. त्यामुळे इंग्रजी वाचकाच्या मनात येतं, की चाळीस नाहीत असं कोण म्हणालं होतं? उलट मूळ वाक्यातली खरी माहिती, म्हणजे आज चाळीस आहेत, पूर्वी कदाचित वेगळे असतील, पुढे बदलतील, ती नाहीशी होते.

नोकरीच्या उत्तरात हे आणखी टोचतं. ‘आम्ही सध्या भरती करत नाही’ यात दार किलकिलं असतं. दोन महिन्यांनी पुन्हा विचारायला हरकत नसते. त्या जागी ‘आम्ही खरं तर भरती करतच नाही’ आलं, की दार बंद. अर्जदार पुन्हा लिहीत नाही आणि तो का लिहीत नाही, हे कारखान्याला कधी कळतही नाही.

ही चूक पकडायची कशी? फ्रेंच न जाणणारा मुद्रितशोधक ती पकडू शकत नाही, कारण त्याच्यासमोर शुद्ध इंग्रजी असतं. पण तो एक प्रश्न विचारू शकतो : या ‘ॲक्च्युअली’ने कुणाचा गैरसमज दूर होतोय? मागेपुढे तसं कुणी सापडलं नाही, तर मूळ प्रत काढून बघावी. बहुतेक वेळा तिथे वर्तमानकाळी क्रियापदाशेजारी ‘अक्त्युएलमाँ’ बसलेला दिसतो. गंमत म्हणजे दुरुस्त करताना दर वेळी ‘करंटली’ घालावं लागत नाही. ‘तपासलं जात आहे’ हा चालू वर्तमानकाळ इंग्रजी क्रियापदातच असतो, त्यामुळे चांगला अनुवादक अनेकदा तो शब्द गाळतो आणि काळ क्रियापदावर सोपवतो. फ्रेंचमध्ये साधा आणि चालू वर्तमानकाळ एकाच रूपात असतात, म्हणून फ्रेंच लेखकाला ‘अक्त्युएलमाँ’ची गरज इंग्रजी लेखकापेक्षा जास्त पडते.

खरं तर इथे वाट सोडली आहे ती इंग्रजीने. स्पॅनिश, इटालियन, जर्मन, या सगळ्या भाषांत याच मुळाचे शब्द ‘आत्ताचं’ हाच अर्थ सांगतात. लॅटिनमधला मूळ शब्द ‘कृतीत उतरलेलं’ अशा अर्थाचा. जे कृतीत आहे ते आत्ता आहे, असं म्हणून फ्रेंच एका बाजूला गेली. जे कृतीत आहे ते खरंखुरं आहे, असं म्हणून इंग्रजी दुसऱ्या बाजूला. युरोपीय संघाच्या कागदपत्रांत तर ‘ॲक्च्युअल’ हा इंग्रजी शब्द ‘सध्याचा’ या अर्थाने इतका वापरला जाऊ लागला, की युरोपीय लेखापरीक्षण न्यायालयातल्या एका अनुवादकाने केलेल्या चुकीच्या इंग्रजी शब्दांच्या यादीत त्याला जागा मिळाली.

‘दमाँदे’ची गोष्ट वेगळी, कारण तिथे बिघडतात ते संबंध. ‘दमाँदे’ म्हणजे विचारणं, मागणं. मूल आईला किती वाजले हे ‘दमाँदे’ करतं. आश्रय मागणारा निर्वासित ‘दमाँदर’ असतो आणि नोकरी शोधणाराही. इंग्रजी ‘डिमांड’ मात्र ठणकावून मागतो. हा ताठा त्याला बहुधा कचेरीत आला. 1066 नंतर नॉर्मन लोक इंग्लंडवर राज्य करू लागले आणि पुढची काही शतकं न्यायालयांत त्यांच्या फ्रेंचचा दबदबा राहिला. जमिनीच्या दाव्यात जो हक्क सांगे त्याला ‘डिमांडंट’ म्हणत. तो जे मागत होता, ते आपलंच आहे असं म्हणून मागत होता. हक्काची मागणी हा अर्थ इंग्रजीत रुजला आणि साधं विचारणं मागे पडलं.

ठणकावून मागायचं असेल, तर फ्रेंचकडे ‘एग्झिजे’ हा शब्द आहेच. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे ठराव इंग्रजी आणि फ्रेंच शेजारी ठेवून वाचले, की हे लख्ख दिसतं. इंग्रजी ठरावात परिषद ‘डिमांड’ करते, तिथे फ्रेंच ठरावात ‘एग्झिज’ असतं. इंग्रजीत परिषद नुसतं आवाहन करते, तिथे फ्रेंचमध्ये ‘दमाँद’ येऊ शकतं. या दोन पायऱ्यांची अदलाबदल झाली, तर आवाहनाचा हुकूम होईल. कचेरीच्या पत्रव्यवहारातही तसंच. थकबाकीसाठी इंग्रजीत ज्याला ‘लेटर ऑफ डिमांड’ म्हणतात, त्याला फ्रेंचमध्ये ‘मीझ आँ दमर’ असं अगदीच वेगळं नाव आहे. ‘दमाँद’ असं शीर्षक असलेला कागद बहुधा अर्ज असतो.

‘लिब्रमाँ’ने होणारा गोंधळ या दोघांहून सूक्ष्म आहे. त्याला ‘फ्रीली’ म्हणणं चूक नाही. अडचण इंग्रजी ‘फ्री’ची आहे, कारण त्यात दोन अर्थ एकत्र राहतात. मराठीत मुक्त वेगळं आणि मोफत वेगळं. फ्रेंचमध्येही ‘लिब्र’ वेगळं आणि ‘ग्रात्वी’ वेगळं. त्यामुळे मराठी आणि फ्रेंच लेखकाला जी गोष्ट सहज वेगळी दिसते, ती इंग्रजीत गेल्यावर एकमेकींत मिसळते. आराखडे ‘लिब्रमाँ’ छापता येतील, म्हणजे आमची परवानगी घ्यायला नको. पैशांबद्दल लेखक चकार शब्द बोललेला नाही. ‘फ्रीली’ वाचणारा मात्र दोन्ही समजू शकतो आणि माणूस साहजिकच स्वस्तातला अर्थ उचलतो. म्हणून अशा जागी ‘परवानगीशिवाय’ किंवा ‘कुठल्याही बंधनाशिवाय’ असं फोडून लिहिलेलं बरं.

फ्रान्समधल्या छोट्या नाटकांच्या जाहिरातीवर ‘प्री लिब्र’ असं असतं. ‘प्री’ म्हणजे किंमत. ‘फ्री’ समजून आत गेलेल्या इंग्रज प्रेक्षकासमोर नंतर टोपी फिरते, कारण अर्थ आहे ‘किंमत तुम्ही ठरवा’. संगणकाच्या क्षेत्रात हा घोळ इतका झाला, की मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतल्या इंग्रजी बोलणाऱ्यांनी शेवटी ‘लिब्र’ हाच शब्द उसना घेतला.

एवढं वाचून कुणी ‘अक्त्युएल’ दिसला की ‘सध्याचा’ असा नियम केला, तर तोही फसेल. चर्चच्या भाषेत ‘पेशे अक्त्युएल’ म्हणून एक संज्ञा आहे. तिचं इंग्रजी ‘ॲक्च्युअल सिन’ असंच होतं, सध्याचं पाप असं नाही. जन्मासोबत येणारं पाप एक आणि माणसाने स्वतः केलेलं पाप दुसरं, असा तो भेद आहे. अर्थशास्त्रातली ‘दमाँद’ही खरोखरच पुरवठ्यासमोरची ‘डिमांड’ असते. म्हणून मी शब्दकोशाआधी त्या शब्दाचा विरोधक शोधतो. ‘अक्त्युएल’च्या समोर पूर्वीचं किंवा उद्याचं काही उभं असेल तर ‘सध्याचा’, जन्मजात किंवा केवळ शक्य असलेलं काही असेल तर ‘ॲक्च्युअल’. ‘लिब्र’च्या समोर बंधन आहे की तिकीट, ‘दमाँदे’च्या जागी ‘एग्झिजे’ वापरता आलं असतं का, हे तपासलं की बरंचसं निभावतं.

कधीकधी दोन्ही विरोधक एकाच पानावर उभे असतात. हेन्री बर्गसाँचा स्मृतीवरचा ग्रंथ 1896 साली आला. त्यात स्मृती सुप्त अवस्थेतून ‘अक्त्युएल’ होते, म्हणजे सुप्ताच्या समोर प्रत्यक्ष. पण त्याच ग्रंथात भूतकाळासमोर वर्तमानही उभा आहे आणि बर्गसाँचं म्हणणंच असं, की वर्तमान म्हणजे जे कृती करतं ते. एका फ्रेंच शब्दात ‘आत्ताचं’ आणि ‘कृतीत उतरलेलं’ दोन्ही मावतं. 1911 साली नॅन्सी मार्गारेट पॉल आणि डब्ल्यू. स्कॉट पामर यांनी हा ग्रंथ इंग्रजीत आणला, तेव्हा इंग्रजीत असा एक शब्द उरलेला नव्हता. ‘प्रेझेंट’ लिहावं तर कृती जाते, ‘ॲक्च्युअल’ लिहावं तर काळ जातो, आणि हा निर्णय वाक्यागणिक नव्याने घ्यावा लागतो.