अकरा महिन्यांचा करार एका पानावर

पुण्यात किंवा मुंबईत भाड्याचं घर ठरलं की एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. करार स्क्रीनवर दिसतो, पानं झरझर सरकतात, "सगळे स्टँडर्ड क्लॉज आहेत" असं सांगितलं जातं आणि अंगठा उमटतो. भाडेकरूने खरं तर मसुदा आदल्या दिवशीच मागून घ्यावा आणि त्यातलं प्रत्येक कलम एका वाक्यात आपल्या भाषेत लिहून काढावं. त्या वाक्यात चार गोष्टी हव्यात: कोणी करायचं, किती, कधीपर्यंत, आणि केलं नाही तर काय. यातलं एखादं उत्तर सापडलं नाही, तर पुढे वाद तिथेच होतो.

उदाहरणादाखल 11 महिन्यांचा करार घेऊ. भाडं महिना 18,000 आणि डिपॉझिट 60,000 रुपये. डिपॉझिटचं कलम बहुधा असं असतं: 'सदर अनामत रक्कम मुदत संपल्यावर अथवा करार रद्द झाल्यावर, थकबाकी व नुकसानभरपाई वजा करून बिनव्याजी परत करण्यात येईल.' याचं साधं वाक्य होतं, 'मालक 60,000 रुपयांतून कापून उरलेले परत देईल.' कोण देणार ते कळलं, पण कधी देणार? चावी घेताना, की नवा भाडेकरू आल्यावर? आणि कापणार किती? भिंतीचा उडालेला रंग हे नुकसान की रोजच्या वापराची झीज? 'घराचा ताबा देताना त्याच दिवशी' आणि 'सामान्य वापरातली झीज वगळून' एवढे शब्द मसुद्यात घालून घेतले की हे वाक्य पुरं होतं. काही करारांत रंगकामासाठी एका महिन्याचं भाडं आधीच कापायचं ठरवलेलं असतं. तसं असेल तर 60,000 मधले 42,000 च परत मिळणार, हे पहिल्याच दिवशी माहीत हवं.

लॉक-इन आणि नोटीस ही दोन कलमं तर एकत्रच वाचायला हवीत. सहा महिन्यांचा लॉक-इन आणि एक महिन्याची नोटीस, असं असलं की भाडेकरू धरून चालतो, सहा महिन्यांनी निघता येईल. पण 'लॉक-इन संपल्यानंतर एक महिन्याची नोटीस देऊन' असं लिहिलं असेल, तर मुक्काम सात महिन्यांचा झाला. चौथ्या महिन्याअखेर बदली झाली आणि करारात उरलेल्या लॉक-इनचं भाडं भरण्याची अट असेल, तर दोन महिन्यांचे 36,000 रुपये मागितले जाऊ शकतात. लॉक-इन कोणाला लागू आहे तेही पाहावं. अनेकदा तो फक्त भाडेकरूला बांधतो आणि मालक मात्र केव्हाही महिन्याची नोटीस देऊ शकतो. मुलांच्या शाळेच्या मध्यात घर सोडावं लागलेल्या कुटुंबाला या एका शब्दाची किंमत कळते. 'दोन्ही पक्षांना' अशी दुरुस्ती मागण्यात संकोच कसला?

मुदत संपल्याची तारीखही कागदावर मोठ्या अक्षरात लिहावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 नुसार लिव्ह अँड लायसन्सची मुदत उलटूनही घर सोडलं नाही, तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. म्हणजे इथे महिन्याला 36,000. 'पुढच्या वर्षी रिन्यू करू' हे मालकाचं तोंडी आश्वासन इथे उपयोगी पडत नाही. याच कलमाच्या कारवाईत लेखी करारात नमूद केलेली गोष्ट निर्णायक पुरावा मानली जाते. पंखे, गीझर, चाव्यांची यादी करारासोबत जोडून घ्यायची तीही याचसाठी.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज मात्र महाराष्ट्रात चुकीचा आहे. याच कायद्याचं कलम 55 मुदत कितीही असली तरी नोंदणी बंधनकारक करतं आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकतं. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. खर्चही फार नाही. एकूण भाडं 1,98,000, त्यात डिपॉझिटवर दहा टक्के दराने धरलेलं अकरा महिन्यांचं व्याज 5,500, आणि या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे पाचशे-सहाशेच्या घरात. शहरात नोंदणी शुल्काचे 1,000 रुपये वेगळे. एजंट याहून बरंच अधिक सांगत असेल, तर फरक त्याच्या सेवेचा आहे. तो कोणी भरायचा, हेही त्याच पानावर एका वाक्यात लिहून ठेवावं आणि अंगठा देण्यापूर्वी मालकाकडून होकार घ्यावा.