कांद्याचा भाव बदलला, सर्व्हरला कळणार कसं?

लासलगावला कांद्याच्या लिलावात ट्रॉलीगणिक भाव बदलतो. समजा, हे भाव दाखवणाऱ्या अ‍ॅपचे 20 सर्व्हर दर 2 सेकंदांनी डेटाबेसला विचारतात, ‘नवीन काही?’ तासाला 36,000 प्रश्न झाले. लिलाव थांबले तरी तेवढेच. हे पोलिंग.

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये दुसरी सोय आहे. सर्व्हर एकदाच कान देतो, आणि भाव नोंदवणारा व्यवहार इशारा सोडतो:

```sql
LISTEN kanda_bhav;
NOTIFY kanda_bhav, '4512';
```

इशारा व्यवहार कमिट झाल्यावरच पोहोचतो. रद्द झालेल्या नोंदीची आवई उठत नाही. सोबतचा मजकूर मात्र 8000 बाइटपेक्षा कमी हवा. म्हणून फक्त नोंदीचा क्रमांक पाठवावा आणि भाव तक्त्यातून वाचावा.

खरी गोम जोडणी तुटण्यात आहे. त्या वेळात आलेले इशारे त्या सर्व्हरसाठी कुणी राखून ठेवत नाही. पडद्यावर जुना भाव तसाच राहतो आणि लॉगमध्ये चूकही दिसत नाही! म्हणून पुन्हा जोडल्यावर आधी `LISTEN`, मगच आजचे सगळे भाव वाचायचे. क्रम उलटला, तर मधल्या क्षणातला बदल निसटतो.

भाव मिनिटभर उशिरा दिसून चालणार असेल, तर मिनिटाला एकदा विचारणारं साधं पोलिंगच बरं.