अभिनंदनाच्या पत्रात एक प्रसंग हवा

समजा, तालुक्यातल्या एका सरकारी बँकेच्या शाखेत काउंटर सांभाळणाऱ्या ताई परीक्षा आणि मुलाखत देऊन लिपिकाच्या अधिकारी झाल्या. ऑर्डरमध्ये बढतीसोबत दुसऱ्या जिल्ह्यातली बदलीही आली. त्यांच्या शेजारच्या काउंटरवर बसणाऱ्याने लिहिलेलं पत्र असं असू शकतं:

‘ताई, ऑर्डर आल्याचं कळलं आणि मला गेला नोव्हेंबर आठवला. हयातीच्या दाखल्यासाठी रांग पार जिन्यापर्यंत गेली होती. एक आजोबा खाली रिक्षातच बसून होते, जिना चढवत नव्हता. तुम्ही फॉर्म आणि शाईचं पॅड घेतलंत, साहेबांना सोबत घेऊन खाली गेलात. परत आल्यावर रांगेतल्या लोकांना “थांबावं लागलं, माफ करा” म्हणालात. तेव्हापासून रांग वाढली की मीही एकदा खाली डोकावून येतो. नव्या शाखेला तुम्ही मिळताय याचा आनंद आहे. महिनाअखेरीला कॅश जुळली नाही की इथे मात्र तुमची आठवण येणार.’

यात ‘कर्तव्यदक्ष’, ‘मनमिळाऊ’ असं एकही विशेषण नाही, आणि त्याची गरजही पडत नाही. पॅड घेऊन जिना उतरणारी बाई दिसली की वाचणारा काय ते ओळखतो. त्याहून मोलाचं वाक्य पुढचं आहे, स्वतः खाली डोकावण्याचं. आपलं काम कुणीतरी पाहिलं आणि त्यातून काही उचललं, हे पत्र मिळणाऱ्याला बहुधा पहिल्यांदाच कळत असतं.

पत्र साचेबंद झालंय का, हे तपासणं सोपं आहे. नाव झाकून वाचा. तेच पत्र शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही चालत असेल, तर प्रसंग राहून गेलाय. आठवतच नसेल तर शाखेतल्या शिपायाला विचारावं, त्याला बरंच ठाऊक असतं. तरीही काही सापडलं नाही तर दोन खऱ्या ओळी लिहून थांबावं.

मराठीत आणखी एक घोटाळा होतो. रोज ‘ताई, चहा घेताय ना?’ म्हणणारा माणूस कागद पुढे आला की ‘आदरणीय महोदया, आपली नियुक्ती’ असं लिहू लागतो. तिथेच ओळख पुसली जाते. रोजचं संबोधन तसंच ठेवावं. अरे-तुरे असेल तर अरे-तुरे.

‘अखेर न्याय मिळाला’ हे वाक्य मात्र टाळावं. त्याच यादीत नाव न आलेला सहकारी त्याच खोलीत बसलेला असतो. ‘आता आमच्याकडेही लक्ष असू द्या’ लिहिलं तर अभिनंदनाचा अर्ज होतो. नव्या पदावर कसं वागावं याचा सल्लाही नको. त्यांनी तो मागितलेला नाही.

पत्र ऑर्डर हातात पडल्यावरच द्यावं, नुसत्या कुजबुजीवर नाही, आणि कार्यमुक्त होण्याआधी. शेवटच्या दिवशी निरोप समारंभ, चार्ज देणं आणि सामानाची बांधाबांध यांत ते वाचायला सवड मिळत नाही.